आठव्या वर्षी दिसणारे डाग दुसऱ्या वर्षीच्या पाण्याचे असतात: खान्देशातल्या तिन्ही जिल्हा परिषदांना खुलं पत्र

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी, तसंच आरोग्य, पाणीपुरवठा आणि महिला व बालकल्याण विभाग,
जिल्हा परिषद, जळगाव, धुळे आणि नंदुरबार

स. न. वि. वि.

तापी आणि सातपुडा यांच्या मधल्या पट्ट्यात मी दातांचा दवाखाना चालवतो. माझ्याकडे पंधरा ते बावीस वर्षांची मुलं-मुली समोरच्या दातांवरचे तपकिरी डाग घेऊन येतात. कुणाची पोलीस भरती जवळ आलेली असते, कुणाला पाहायला पाहुणे येणार असतात. त्यांच्याशी आणि त्यांच्या आईवडिलांशी जे बोलतो ते आपल्यापर्यंत पोचायला हवं, म्हणून हे पत्र. माझं म्हणणं दोन गोष्टींचं आहे. हे डाग म्हणजे त्या मुलाने वयाच्या पहिल्या काही वर्षांत प्यालेल्या पाण्यातल्या जास्त फ्लोराइडची नोंद आहे, आणि ती वाचता आली तर कुठला बोअर लहान मुलांसाठी बंद करायचा ते कळतं. दुसरं, एकदा पडलेले डाग काढायला बहुतेक मुलांचे दात कानशीने घासून कॅप बसवायची गरज नसते, पण स्वस्त आणि दात वाचवणारा उपचार सरकारी दवाखान्यात मिळत नाही म्हणून तेच केलं जातं.

एका घराची हकीकत सांगतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. 'त्या गावच्या पोरींचे दात खराब असतात' असा शिक्का एकदा बसला की सोयरिकी अडतात, हे आपल्याकडे मी पाहिलेलं आहे.

बारावीला असलेली सतरा वर्षांची मुलगी आईबरोबर आली. हसताना हात तोंडावर. मी काही विचारायच्या आधी आई म्हणाली, "डाक्टर, मनी पोर तमाखू खात नही. दोन्ही टाइम दात घसस." नातेवाइकांच्या बोलण्याने ती इतकी दुखावलेली होती की खुलासा आधी आणि तक्रार नंतर. शहरातल्या एका दवाखान्यात वरचे सहा दात घासून त्यांवर सिरॅमिकच्या कॅप बसवायला सांगितलं होतं, आणि घरचे पैशांसाठी कापूस विकायची वाट पाहत होते. विकण्याआधी दुसऱ्या कुणालातरी दाखवू म्हणून माझ्याकडे आले.

वरच्या दोन्ही मोठ्या पटाशीच्या दातांवर मधल्या भागात आडवा तपकिरी पट्टा होता. शेजारच्या दातांवर आणि सुळ्यांवर खडूसारखे पांढरे ढग, मधूनमधून पिवळसर. महत्त्वाचं हे की डावीकडे जे होतं तेच उजवीकडे होतं. तंबाखूचे किंवा चहाचे डाग हिरडीच्या कडेला आणि दाताच्या आतल्या बाजूला साचतात आणि दात साफ करताना खरवडून निघतात. हे निघत नाहीत, कारण ते दातावर साचलेले नसून इनॅमलच्या, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थराच्या, आत असतात. लहानपणी दुधाच्या दाताला मार लागला असेल तर खाली तयार होणारा एखादाच दात खराब येतो. इथे मात्र एकाच काळात घडलेले सगळे दात जोडीजोडीने बिघडले होते. जोडीने बिघडलेला दात दिसला की मी आधी पाण्याबद्दल विचारतो.

विचारलं. तिचा मोठा भाऊ चोवीस वर्षांचा, त्याचे दात पांढरेशुभ्र. त्याच्या लहानपणी सगळं गाव उघड्या विहिरीचं पाणी भरायचं. ही मुलगी जन्मली त्या सुमाराला विहीर आटली आणि गावाला खोल बोअर मिळाला. धाकटा भाऊ तेरा वर्षांचा. तो चार वर्षांचा होईपर्यंत मामाच्या गावाला राहिला, मग घरी आला. त्याच्या पटाशीच्या दातांवर काहीच नाही. पण तोंड मोठं उघडायला लावलं तर उपदाढा आणि नंतर आलेल्या दाढा खडूसारख्या पांढुरक्या. तीन भावंडं, एकच चूल, एकच खाणं, आणि तीन वेगवेगळी तोंडं. बोअरच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला तेव्हा लिटरला २.८ मिलिग्रॅम फ्लोराइड निघालं. जुन्या विहिरीला पुन्हा पाणी आलंय, तिचं ०.४.

भावंडांमधला हा फरक समजायला दात कधी घडतो हे पाहावं लागतं. कायमचे दात तोंडात सहाव्या-सातव्या वर्षी दिसायला लागतात, पण वरच्या पटाशीच्या दातांचं इनॅमल जन्मानंतर तीन-चार महिन्यांत बनायला लागतं आणि चार-पाच वर्षांचं मूल होईतो पूर्ण होतं. त्यातही सव्वा ते अडीच वर्षांचा काळ या दातांसाठी सगळ्यात नाजूक. उपदाढा आणि दुसऱ्या दाढा मागाहून, सात-आठ वर्षांपर्यंत घडत राहतात. म्हणून मामाकडून चौथ्या वर्षी आलेल्या मुलाचे समोरचे दात वाचले आणि मागचे सापडले. आठ वर्षांनंतर कितीही फ्लोराइडचं पाणी प्यालं तरी दिसणाऱ्या दातांवर नवे डाग येत नाहीत. त्या वयानंतरची भीती हाडांची आणि सांध्यांची, तीही बरीच वर्षं भरपूर फ्लोराइड पोटात गेलं तर.

इनॅमल बनवणाऱ्या पेशी आधी प्रथिनांचा एक साचा रचतात. मग ती प्रथिनं हळूहळू काढून घेतली जातात आणि त्यांच्या जागी खनिज भरत जातं. रक्तात फ्लोराइड जास्त असलं की प्रथिनं वेळेवर निघत नाहीत, आणि त्या जागा पूर्ण भरायच्या आतच इनॅमल घडण्याचा काळ संपतो. वरची पातळ साय बरी बनते, तिच्या खालचा थर मात्र कच्च्या भाजलेल्या मडक्यासारखा सच्छिद्र राहतो. असा दात उगवतो तेव्हा तपकिरी नसतो, खडूसारखा पांढरा असतो. तपकिरी रंग नंतर चढतो: चहा, हळद-मसाला, पाण्यातलं लोह, जे काही तोंडातून जातं ते त्या छिद्रांत वर्षानुवर्षं मुरत राहतं. सच्छिद्रपणा फारच असला तर चावताना वरची साय तुटते आणि खड्डे पडतात. दुधाचे दात बहुतेक वाचतात, कारण त्यांचं इनॅमल बरंचसं आईच्या पोटात आणि अंगावर पिण्याच्या महिन्यांत बनतं. आई जास्त फ्लोराइडचं पाणी पीत असली तरी तिच्या दुधात फ्लोराइड अगदी नगण्य उतरतं. संकट सुरू होतं ते वरचं अन्न सुरू झाल्यावर.

किती पोटात जातं त्याचा हिशेब मी त्या आईसमोर कागदावर केला, तसाच इथे मांडतो. दोन वर्षांचं, साधारण ११ किलोचं मूल पाणी, पेज, वरण-भात, खिचडी सगळं धरून दिवसाला एक लिटर पाणी घेतं असं समजू. बोअरचं पाणी असेल तर पोटात २.८ मिलिग्रॅम फ्लोराइड गेलं, म्हणजे वजनाच्या किलोमागे सुमारे ०.२५. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी किलोमागे ०.१ ही दिवसाची वरची मर्यादा मानतात. म्हणजे अडीचपट. पाणी लिटरला १ मिलिग्रॅमचं असतं तर आकडा ०.०९ वर, मर्यादेच्या आत राहिला असता. भारतीय मानक ब्यूरोच्या IS 10500 या पिण्याच्या पाण्याच्या मानकात १ मिलिग्रॅम हीच स्वीकार्य मर्यादा आहे, आणि १.५ पर्यंतची सूट फक्त दुसरा स्रोतच नसेल तर. आपल्या कार्यालयांत मात्र १.५ म्हणजे 'पास' असं धरलं जातं. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात मूल एका लिटरवर थांबत नाही, आणि आपल्याकडे दोन-तीन वर्षांच्या पोरालाही बशीत चहा ओतून देतात. चहाच्या पत्तीत मुळातच फ्लोराइड भरपूर असतं.

बोअरचं पाणी असं का, याचं उत्तर खोलीत आहे. वरच्या थरातलं विहिरीचं पाणी दर पावसाळ्यात नवं होतं. खोल पाणी खडकाशी वर्षानुवर्षं टेकून राहतं. त्यातलं कॅल्शियम कमी होत जातं, सोडियम आणि बायकार्बोनेट वाढतं. पाण्यात कॅल्शियम असेल तर ते फ्लोराइडला बांधून खाली बसवतं, नसेल तर फ्लोराइड पाण्यात विरघळून राहतं. आता यातली गोम पाहा. कॅल्शियम कमी म्हणजे पाणी मऊ. साबणाला फेस छान येतो, डाळ लवकर शिजते, भांड्याला पांढरा थर धरत नाही. गावातल्या बायका अशा बोअरला 'गोडं पाणी' म्हणून लांबून भरायला येतात, आणि जड पाण्याची विहीर सोडून देतात. फ्लोराइडला चव नाही, वास नाही, रंग नाही. चांगलं लागणारं पाणी चांगलंच असेल या भरवशावर आपण लेकरांचे दात सोडून दिले आहेत.

गावाला मिळालेल्या हिरव्या कार्डावरही लोकांचा तसाच भरवसा आहे. ते कार्ड स्रोताभोवतीची स्वच्छता, गळती, टीसीएलची पावडर हे पाहून दिलं जातं, जुलाब-काविळीसाठी ते गरजेचं आहेच. पण ते फ्लोराइडबद्दल काही सांगत नाही. त्या मुलीच्या गावातही पाण्याचा प्रश्न काढल्यावर मला हिरवं कार्डच दाखवण्यात आलं.

माझी पहिली मागणी म्हणून साधी आहे. पिण्यासाठी वापरात असलेल्या प्रत्येक बोअर, विहीर आणि हातपंपाजवळ फ्लोराइडचा आकडा रंगवा, तपासल्याच्या महिन्यासकट. 'योग्य' किंवा 'अयोग्य' हा शेरा पुरत नाही. १.४ ला शेरा 'योग्य' असतो, पण दोन वर्षांच्या मुलाच्या आईला १.४ आणि ०.४ मधला फरक कळायला हवा. तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, कारण उन्हाळ्यात पाणी खोल जातं तसा आकडा बदलतो. गावात जलजीवन मिशनमधून दिलेल्या किटने रंग पाहून अंदाज येतो, तो गाळणीसारखा वापरावा. किटवर १ च्या आसपास किंवा वर रंग दिसला की नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे.

दुसरी मागणी लहान मुलांच्या पाण्याची. अख्ख्या गावाचं पाणी बदलायला योजना, निविदा, वर्षं लागतात हे मला ठाऊक आहे. पण दातांपुरतं बोलायचं तर गरज आठ वर्षांखालच्या मुलांच्या पिण्याची आणि स्वयंपाकाची आहे. धुणं-भांडी, अंघोळ, गुरं यांना तेच बोअरचं पाणी खुशाल चालेल. त्या गावात विहीर पुन्हा सुरू करता आली. २.८ च्या पाण्याचा एक हंडा आणि ०.४ च्या पाण्याचे तीन हंडे मिसळले की मिश्रण बरोबर १ वर येतं. मुलांसाठी तर नुसतं विहिरीचंच द्यावं, फक्त उघड्या विहिरीचं पाणी क्लोरीन टाकल्याशिवाय कधीही नाही. अंगणवाडीचा पोषण आहार आणि शाळेची खिचडी ज्या पाण्यात शिजते ते सगळ्यात आधी बदला, कारण ते आपल्या हातात आहे. पत्र्यावरून धरलेल्या पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसतं, अंगणवाडीच्या टाकीला तेही उपयोगी पडेल.

इथे एक चूक सगळीकडे दिसते. गावात आरओचं पाणी आलं, लोक कॅन विकत घेतात, आणि सगळ्यांना वाटतं प्रश्न सुटला. आरओ फ्लोराइड काढतं हे खरं. पण कॅनचं पाणी फक्त प्यायला वापरतात, वरण-भात बोअरच्या पाण्यातच शिजतो. लहान मुलाच्या पोटात जाणारं बरंचसं पाणी तर अन्नातूनच जातं. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट आटलेल्या पाण्यात ते दाट होतं. साधा कँडल फिल्टर किंवा यूव्ही मशीनही ते काढत नाही. हातपंपाला बसवलेली अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाची टाकी काढते, पण तिच्यातला माल काही काळाने भरून जातो आणि तो कॉस्टिक-आम्लाने धुऊन पुन्हा तयार करावा लागतो. ते कुणी करत नाही. टाकी उभी असते, पाणी तिच्यातून जातं आणि जसंच्या तसं बाहेर येतं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली नलगोंडा पद्धत, म्हणजे तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून फ्लोराइड खाली बसवणं, स्वस्त आहे, पण तुरटीचं प्रमाण रोज बरोबर घालणारा माणूस लागतो. म्हणून कुठलंही यंत्र बसवलं तर बाहेर येणाऱ्या पाण्याचा आकडा दर महिन्याला लिहिण्याची जबाबदारी कुणावर, हे त्याच आदेशात ठरवा.

पाणी बदलल्याने दात खरंच बदलतात का, असं एका सरपंचांनी मला विचारलं होतं. याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीचं आहे. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे फ्रेडरिक मॅके हा दंतवैद्य १९०१ मध्ये गेला आणि तिथल्या लोकांच्या तपकिरी दातांमागे आयुष्यभर लागला. १९२३ मध्ये तो आयडाहो राज्यातल्या ओकली या गावी गेला. तिथे एका कोमट झऱ्यावरून नळयोजना आल्यानंतर मुलांच्या दातांवर डाग यायला लागले होते. मॅकेला पाण्यात काही सापडलं नाही, कारण फ्लोराइडचा संबंध १९३१ मध्ये रसायनतज्ज्ञ चर्चिलने शोधेपर्यंत कुणाला माहीतच नव्हता. तरी त्याने ती नळयोजना सोडून दुसऱ्या झऱ्याचं पाणी घ्यायला सांगितलं. काही वर्षांत तिथल्या लहान मुलांना स्वच्छ दात यायला लागले. मुलांचे दात पाहून स्रोत बदलणं हे कारण कळण्याआधीही करता आलं होतं. आपल्याला तर कारणही माहीत आहे आणि मोजायची सोयही आहे.

म्हणून तिसरी मागणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत जातातच. तिसरी-चौथीच्या मुलांचे वरचे चार पटाशीचे दात पाहून एक खूण नोंदवा: डाग नाही, पांढरे ढग, तपकिरी, की खड्डे. सोबत एकच प्रश्न विचारा, पहिली तीन वर्षं मूल कुठे होतं आणि कुठलं पाणी प्यायचं. आपल्याकडे, विशेषतः नंदुरबार-धुळ्याकडे, ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जाणारी कुटुंबं खूप आहेत. त्यांच्या मुलांचे डाग आपल्या गावाच्या पाण्याचे नसून तिकडच्या मुक्कामाचे असू शकतात. हा प्रश्न न विचारता केलेली नोंद फसवी ठरेल. आणि आज आठ वर्षांच्या मुलाचे दात स्वच्छ दिसले म्हणून आजचं पाणी चांगलं असं धरू नका. ते पाच-सहा वर्षांपूर्वीच्या पाण्याबद्दल सांगतात. बोअर गेल्या वर्षी झाला असेल तर आकडाच पाहावा लागेल.

आता त्या मुलीच्या दातांकडे येतो, कारण पाणी सुधारलं तरी आज ज्यांचे दात डागलेले आहेत ती पिढी आपल्यासमोर आहे.

तिच्या दातांना खड्डे नव्हते आणि तपकिरी रंग वरच्या थरात होता. अशा वेळी पहिला उपचार म्हणजे मायक्रोअ‍ॅब्रेजन. हिरड्या झाकायला दातांभोवती रबर डॅम लावायचा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बारीक घासणारी पूड यांची तयार पेस्ट मिळते, त्यात आम्ल साधारण ६.६ टक्के असतं. ती दातावर ठेवून हळू फिरणाऱ्या रबर कपने काही सेकंद घासायचं, धुवायचं, पाहायचं. रंग उतरतोय तोवर पुन्हा, पण दहा वेळांच्या आत थांबायचं. यात इनॅमलचा मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाइतका थर जातो. समोरच्या दातावर इनॅमल चावायच्या कडेला सुमारे एक मिलिमीटर जाड असतं, हिरडीजवळ पातळ होतं, म्हणून तिथे हात आवरता ठेवावा लागतो. शेवटी पॉलिश करून फ्लोराइड जेल लावतात. इथे पालक दचकतात: फ्लोराइडनेच तर दात बिघडले ना? घडून पूर्ण झालेल्या दाताला वरून लावलेलं फ्लोराइड डाग पाडत नाही, घासलेला पृष्ठभाग पक्का करतं.

त्याच दिवशी निकाल पाहू नये. रबर डॅमखाली दात सुकतो आणि सुकलेल्या दातावर पांढरे डाग जास्तच उठून दिसतात, कारण छिद्रांतलं पाणी जाऊन हवा भरते. मुलगी आरशात पाहून हिरमुसली होती. दोन आठवड्यांनी आली तेव्हा तपकिरी पट्टा जाऊन फिकट पिवळसर सावली उरली होती. मग तिच्या दातांच्या मापाचा पातळ ट्रे करून, १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल रात्री लावायला तीन आठवडे दिलं. काही दिवस थंड पाणी झोंबलं, तेव्हा एक रात्र सोडून लावायला सांगितलं. एका दातावर उरलेल्या पांढऱ्या ठिपक्यावर दाताच्या रंगाच्या कॉम्पोझिटचा पातळ थर दिला. जवळून पाहिलं तर अजून बारीक पांढऱ्या रेषा दिसतात, आणि हे तिला मी आधीच सांगितलं होतं. बोलताना, हसताना दिसत नाहीत. तिचे सहाही दात तिचेच आहेत.

सगळ्यांना एवढ्यावर भागत नाही. फक्त पांढरे ढग असतील तर घासण्याने फारसा फरक पडत नाही, आणि ब्लीच केलं तर ते सुरुवातीला अधिकच पांढरे दिसतात. त्यांना रेझिन इन्फिल्ट्रेशन चालतं: आम्लाने वरची साय उघडून, दात कोरडा करून, पाण्यासारखं पातळ रेझिन छिद्रांत मुरवतात आणि प्रकाशाने घट्ट करतात. छिद्रं भरली की प्रकाश इनॅमलमधून जातो तसाच जातो आणि ढग दिसेनासा होतो. मात्र ते महाग आहे. खड्डे पडले असतील तर कॉम्पोझिटचे व्हेनियर, म्हणजे दाताच्या समोरच्या बाजूवर चिकटवलेले पातळ थर, लागतात. फ्लोराइडने बिघडलेल्या इनॅमलला कॉम्पोझिट नीट चिकटत नाही, म्हणून वरचा थर थोडा काढून आम्ल जास्त वेळ लावावं लागतं. हे न केल्यामुळे वर्षभरात निघून आलेले तुकडे हातात घेऊन लोक माझ्याकडे येतात. नीट केलं तरी काही वर्षांनी रंग धरतो, कड तुटते, पण दुरुस्त करता येतं. सिरॅमिक व्हेनियरला अर्धा मिलिमीटरच्या आसपास दात कायमचा घासावा लागतो, आणि ते अठरा वर्षांनंतरच. कॅपसाठी तर चारही बाजूंनी घासून दाताच्या दिसणाऱ्या भागातला निम्म्याहून जास्त भाग जातो. सतराव्या वर्षी दाताच्या आतली नस मोठी असते. घासताना ती दुखावली तर रूट कॅनल, आणि दहा-पंधरा वर्षांनी कॅप बदलायची, पुन्हा बदलायची. मोडकळीला आलेल्या दाताला कॅप हा योग्य उपचार आहे, डागाला नाही.

या मुलांनी घरी काय काय केलेलं असतं तेही आपण ऐकावं. राख, मीठ, लिंबू, बाजारात मिळणारी दात पांढरे करायची पूड. लिंबू रोज चोळून दातांची चमक गेलेली आणि डाग तसाच राहिलेला मी पाहतो. कुणीतरी सांगतं फ्लोराइडची पेस्ट बंद करा, म्हणून मोठी मुलं पेस्ट सोडतात आणि वर किडीचा त्रास ओढवून घेतात. सहा वर्षांखालच्या मुलांनी पेस्ट गिळू नये आणि तांदळाच्या दाण्याएवढी ते वाटाण्याएवढीच घ्यावी, एवढं अंगणवाडी सेविकेने सांगितलं तरी पुष्कळ.

माझी चौथी आणि शेवटची मागणी म्हणून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठपुरावा करण्याची आहे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत जिथे दंतशल्यचिकित्सक आहेत तिथे रबर डॅम, मायक्रोअ‍ॅब्रेजनची पेस्ट, ट्रे बनवायचं साहित्य आणि ब्लीचिंग जेल पुरवावं. पेस्टची एक सिरिंज बऱ्याच रुग्णांना पुरते, नवी खुर्ची किंवा मशीन लागत नाही. आणि डागांसाठी कॅप सुचवण्याआधी घासून आणि ब्लीच करून पाहिलं का, याची नोंद केसपेपरवर असावी.

माझ्या भागातल्या शाळांत तिसरी-चौथीच्या मुलांचे दात तपासायला मी पथकाबरोबर स्वखर्चाने येईन, आणि दातांच्या खुणा कशा ओळखायच्या हे पथकातल्या डॉक्टरांना अर्ध्या दिवसात दाखवीन. पथकाचं वेळापत्रक आणि त्या गावांच्या स्रोतांचे फ्लोराइडचे आकडे मला कळवावेत.

आपला,
एक दंतवैद्य
तापीकाठ, जळगाव जिल्हा